हुजाम्बो, हबारी, पोले : स्वाहिलीत विचारपुशीला काय उत्तर द्यायचं

दारेसलामला राहायला गेलो तेव्हा आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक बाई सकाळी माण्डाझी तळायला बसायच्या. माण्डाझी म्हणजे नारळाच्या दुधात भिजवलेल्या, वेलची घातलेल्या मैद्याचे तळलेले तुकडे, किंचित गोड, चहाबरोबर खायचे. पहिल्याच सकाळी मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि बोटांनी दाखवत म्हटलं, "चार." बाईंनी झारा कढईच्या काठावर टेकवला, माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "हबारी झा असुबुही?" मी पुन्हा चार बोटं दाखवली. त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, तितक्याच शांतपणे. मागे उभ्या असलेल्या शाळकरी मुलीने माझ्या वतीने हळूच उत्तर दिलं, "न्झुरी." तेव्हा कुठे कागदात माण्डाझी गुंडाळले गेले.

त्या बाई रागावल्या नव्हत्या. आपल्याकडे बेल वाजवल्याशिवाय कोणी थेट स्वयंपाकघरात येऊन उभं राहिलं तर आपण जसे थबकू, तशा त्या थबकल्या होत्या. टांझानियात आणि केनियाच्या किनाऱ्यावर बोलण्याला असं एक दार असतं. आधी विचारपूस, मग काम. आणि ही विचारपूस जोड्यांनी चालते: प्रत्येक प्रश्नाचं उत्तर ठरलेलं असतं आणि एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याला लावता येत नाही. कुलूप एकाचं आणि किल्ली दुसऱ्याची, असं करून चालत नाही. म्हणून नुसते शब्द पाठ करण्यापेक्षा उत्तर तसंच का येतं, हे समजून घेतलं तर पुढे चुकत नाही.

उच्चाराचं एकच सांगतो. स्वाहिलीत शब्दातल्या शेवटून दुसऱ्या अक्षरावर जोर येतो: ह-बा-री, स-ला-मा, हु-जा-म्बो. या लेखात जिथे 'झ' लिहिलाय तो 'माझा'मधल्या झसारखा वाचा. बाकी देवनागरी वाचणाऱ्याला ही भाषा जड जात नाही. जसं लिहिलं तसं बोललं जातं.

आता सगळ्यांना ठाऊक असलेल्या शब्दापासून सुरुवात करू. झांझिबारच्या किनाऱ्यावर किंवा नैरोबीच्या विमानतळावर उतरलेल्या पाहुण्याला पहिल्यांदा ऐकू येतो तो 'जाम्बो'. बहुतेकांना वाटतं, जाम्बो म्हणजे नमस्कार. तसं नाही. जाम्बो हे साधं नाम आहे. त्याचा अर्थ बाब, गोष्ट, प्रकरण. अनेकवचन माम्बो. आता एखाद्याला भेटल्यावर नुसतं "बाब!" म्हणून काय होणार? मूळ वाक्य त्याहून मोठं आहे: "हुजाम्बो?" त्यातला 'हु' म्हणजे 'तुला नाही'. म्हणजे प्रश्न असा आहे: तुझ्यामागे काही बाब नाही ना? काही भानगड, काही अडचण नाही ना? आणि उत्तर असतं "सिजाम्बो." 'सि' म्हणजे 'मला नाही'. मला काही बाब नाही.

मराठी माणसाला हे चटकन पटावं. आपणही "काय विशेष?" विचारतो आणि समोरचा म्हणतो, "काही नाही." प्रश्न नकाराकडे झुकलेला, उत्तर नकाराचं, आणि दोघांनाही कळतं की सगळं ठीक आहे. फरक एवढाच की स्वाहिलीत तो नकार क्रियापदासारखा माणसानुसार बदलतो. समोर एकजण असेल तर हुजाम्बो, अनेकजण असतील तर "हम्जाम्बो?" आणि त्यांचं उत्तर "हातुजाम्बो", आम्हाला काही नाही. जो समोर नाही त्याच्याबद्दल विचारायचं तर "बाबा हाजाम्बो?", वडिलांना काही नाही ना? उत्तर "हाजाम्बो", त्यांना काही नाही. मुलांबद्दल, म्हणजे अनेकांबद्दल, "वातोतो हावाजाम्बो?" उत्तर "हावाजाम्बो".

यात चूक कुठे होते ते इथेच दिसतं. "हुजाम्बो?" ऐकल्यावर नवखा माणूस तोच शब्द परत फेकतो: "हुजाम्बो!" कारण त्याला ते 'नमस्कार - नमस्कार' असं वाटतं. पण त्याने खरं तर उत्तर न देता उलट प्रश्न विचारलेला असतो. दुसरी चूक म्हणजे "न्झुरी" म्हणणं. न्झुरी म्हणजे चांगली. "तुला काही अडचण नाही ना?" या प्रश्नाला "चांगली" हे उत्तर बसत नाही. मग कोणी हसत नाही, चिडत नाही, पण समोरचा माणूस लगेच भाषा बदलतो, सोपी करतो किंवा इंग्रजीवर येतो. आपली जोडी चुकली हे ओळखायची हीच खूण. आपण स्वाहिलीत बोलत असताना समोरच्याने अचानक इंग्रजी सुरू केलं की मागचं एक वाक्य आठवून बघावं.

मग पाहुण्यांना नुसतं "जाम्बो!" का म्हणतात? कारण ते मुद्दाम सोपं केलेलं रूप आहे. परक्या माणसाला 'हु' आणि 'सि' येणार नाही हे गृहीत धरून तो सुरुवातीचा भाग काढून टाकलेला असतो. त्याला "जाम्बो" असं उत्तर दिलं की पुढचं बोलणं पाहुण्यांच्या भाषेत चालतं. पण त्याच "जाम्बो!"ला "सिजाम्बो" म्हणा आणि समोरच्याचा चेहरा बघा. एका अक्षराने त्याला कळतं की याला भाषा थोडी येते, आणि तो पुढचा प्रश्न खऱ्या स्वाहिलीत विचारतो. झांझिबारला स्टोन टाउनच्या गल्ल्यांत मसाले विकणारी मुलं दिवसभर पाहुण्यांना हाका मारत असतात. एकदा सिजाम्बो म्हटलं की त्यांच्या बोलण्याचा सूर ग्राहकासाठीचा राहत नाही, ओळखीच्याशी बोलल्यासारखा होतो. मला हा बदल फार आवडायचा.

आता हबारी. रोजच्या वापरात सगळ्यात जास्त हाच शब्द येतो, आणि आपल्याला तो परकाही नाही. हबारी म्हणजे खबर. अरबीतला एकच शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला आणि समुद्राच्या वाटेने पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गेला. अशी आणखी नाती पुढे भेटतील: सफारी म्हणजे प्रवास, आपला सफर. सलामा म्हणजे सुखरूप, आपलं सलामत. साफी म्हणजे स्वच्छ, छान, आपलं साफ. लाकिनी म्हणजे पण, हिंदीतलं लेकिन. माण्डाझीवाल्या बाईंचं असुबुही म्हणजे सकाळ, त्यात सुबह ऐकू येते. त्यांनी मला विचारलं होतं: सकाळची काय खबर?

हबारीचा साचा एकदा हातात आला की त्यात काहीही घालता येतं. "हबारी झा काझी?", कामाची काय खबर. "हबारी झा न्युम्बानी?", घरची काय खबर. "हबारी झा सफारी?", प्रवासाची. बऱ्याच दिवसांनी भेटलेल्याला "हबारी झा सिकू न्यिंगी?", इतक्या दिवसांची काय खबर. आणि मला सर्वांत जवळचा वाटलेला, "हबारी झा तांगू असुबुही?", सकाळपासूनची काय खबर. सकाळी भेटलेला माणूस संध्याकाळी पुन्हा दिसला तर सकाळी विचारलं म्हणून सोडत नाहीत. मधल्या सात-आठ तासांची खबर वेगळी विचारतात.

उत्तरं मोजकी आहेत: न्झुरी, न्जेमा, सलामा, आणि थोडं सैल बोलणं असेल तर साफी. न्झुरी आणि न्जेमा दोन्हींचा अर्थ चांगली. इथे 'चांगली' हे मुद्दाम स्त्रीलिंगी लिहितोय, कारण व्याकरणाचा गाभा त्यातच आहे. आपल्याकडे खबर चांगली असते, माणूस चांगला असतो आणि पोर चांगलं असतं. विशेषण नामाच्या मागे चालतं. स्वाहिलीत लिंग नाही, पण नामांचे वर्ग आहेत, आणि विशेषण वर्गाप्रमाणे बदलतं. माणसाबद्दल बोलताना 'म्झुरी', खबरीबद्दल बोलताना 'न्झुरी'. "हबारी?" या प्रश्नात तुमच्याबद्दल नाही, खबरीबद्दल विचारलेलं आहे. म्हणून उत्तर न्झुरी. केनियात बोलताना आणि पाहुण्यांच्या तोंडी "म्झुरी साना" पुष्कळ ऐकू येतं. ते चालून जातं. पण टांझानियात कोणी "म्झुरी" म्हटलं की कानाला ते असं लागतं, जसं आपण "काय खबर?" विचारावं आणि समोरच्याने "चांगला" म्हणावं.

आता खरा प्रश्न येतो. खबर चांगली नसेल तर?

तरीही उत्तर न्झुरी. वाईटला शब्द आहे, 'म्बाया', पण विचारपुशीच्या उत्तरात तो जवळजवळ येतच नाही. पहिल्या-पहिल्यांदा मला हे खोटं वाटायचं. ऑफिसातला एक सहकारी सकाळी "न्झुरी" म्हणाला, आणि दुपारी कळलं की त्याचा मुलगा दोन दिवस तापाने फणफणला होता. सकाळी का सांगितलं नाहीस, म्हणून मी विचारलं. तो म्हणाला, तू पुढे विचारलंच नाहीस. त्याचं बरोबर होतं. मी "हबारी?" विचारलं, "न्झुरी" ऐकलं आणि संगणकाकडे वळलो. माझ्या दृष्टीने विचारपूस झाली होती, त्याच्या दृष्टीने ती नुकती सुरू झाली होती.

क्रम असा असतो. पहिल्या हबारीला न्झुरी हे फक्त दार उघडणं आहे. मग दुसरी हबारी घरची, तिसरी मुलांची, चौथी कामाची. प्रत्येकीला न्झुरी किंवा सलामा. आणि मधेच कुठेतरी, जिथे दुखतंय तिथे, उत्तराला शेपूट लागतं: "न्झुरी, लाकिनी..." चांगली, पण... त्या लाकिनीसाठी जागा ठेवणं हे विचारणाऱ्याचं काम. आपल्याकडेही गावाकडची माणसं "बरंय" म्हणून थांबतात, तंबाखूची पुडी काढतात, आणि मग "पण यंदा पाण्याचं काही खरं नाही" असं येतं. तो 'पण' ऐकायला थांबावं लागतं. त्यामुळे हबारीची खरी चूक उत्तरात होत नाही. ती होते एक प्रश्न विचारून चालू पडण्यात. उत्तर देणाऱ्यानेही नुसतं "न्झुरी" म्हणून गप्प बसायचं नसतं. "न्झुरी, झा क्वाको?" चांगली, तुझी? एवढं तरी परत विचारावंच लागतं.

वयाने मोठ्या माणसाला मात्र हबारीने सुरुवात करत नाहीत. त्याच्या आधी "शिकामो" येतं, शेवटचा ओ लांबवून. लहानाने म्हणायचं, मोठ्याने वाट बघायची. उत्तर एकच: "मराहाबा." शिकामोची फोड सांगतात ती "मी पाय धरतो" अशी. 'शिका' म्हणजे धरणं हे आजही रोजच्या भाषेत आहे. म्हणजे आपलं "पाया पडतो", फक्त तोंडी. आणि जसं "पाया पडतो"ला उत्तर म्हणून मोठी माणसं "पाया पडतो" म्हणत नाहीत, "सुखी राहा" म्हणतात, तसंच मराहाबाचं आहे. ते फक्त मोठ्याच्या तोंडी शोभतं. टांझानियातल्या शाळेत गुरुजी वर्गात आले की अख्खा वर्ग उभा राहून "शिकामो, म्वालिमू" म्हणतो. गुरुजी म्हणतात, "मराहाबा. हम्जाम्बो?" वर्ग म्हणतो, "हातुजाम्बो!" तीन ओळींत दोन जोड्या पुऱ्या होतात. केनियाच्या आतल्या भागात शिकामो कमी ऐकू येतं, किनाऱ्यावर आणि टांझानियात ते चुकवलं तर माणूस शिकवलेला नाही असं धरतात.

तरुण मुलं आपसांत "माम्बो?" म्हणतात, तेच जाम्बोचं अनेकवचन. उत्तर "पोआ", म्हणजे थंड, मस्त. हे बरोबरीच्यांत. आजोबांना माम्बो म्हणू नये, एवढं पुरे.

हाक मारायच्या शब्दांची एक गंमत मराठी माणसाने आधीच समजून घ्यावी, नाहीतर गोंधळ होतो. स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण आणि काका म्हणजे भाऊ. भाजीवालीला "दादा" म्हणायचं आणि रिक्षावाल्याला "काका", तोही आपल्याच वयाचा. आजीला बीबी.

आता पोले. या एका शब्दासाठी मी हा लेख लिहायला घेतला म्हटलं तरी चालेल.

शब्दकोशात पोलेपुढे 'क्षमस्व' किंवा इंग्रजीतलं सॉरी लिहिलेलं सापडतं आणि तिथेच घोळ सुरू होतो. पोलेत क्षमा मागणं नाही. पोले म्हणजे सौम्य, हळुवार. दोनदा म्हटलं की "पोले पोले", हळूहळू, सावकाश. आणि दुसऱ्याला त्रास झालेला दिसला की म्हणायचं "पोले". म्हणजे तुझा त्रास मला दिसला, मला वाईट वाटलं, तुला आराम पडो. तो त्रास तुम्ही दिलेला असायची गरज नाही. उलट बहुतेक वेळा तुमचा त्याच्याशी काही संबंध नसतो. रस्त्यात कोणी ठेचकाळलं तर समोरून येणारा अनोळखी माणूस "पोले" म्हणतो. कोणी उन्हात पोतं वाहतंय, जाणारा म्हणतो "पोले". मी नवा असताना ऑफिसच्या पायरीवरून घसरलो तर तिघं एकदम इंग्रजीत "सॉरी!" म्हणाले. मला कळेना, यांनी तर काही केलं नाही. ते इंग्रजी बोलत होते, पण मनात पोले होतं.

याची उलटी चूक जास्त वाईट. तुम्ही बसमध्ये कोणाच्या पायावर पाय दिलात आणि नुसतं "पोले" म्हणालात, तर त्याचा अर्थ "अरेरे, लागलं का तुम्हाला" इतकाच होतो. चूक कबूल केल्यासारखं होत नाही. तिथे "समाहानी" म्हणायचं, म्हणजे माफ करा. त्याचं उत्तर टांझानियात "बिला समाहानी", माफीची गरज नाही. ही जोडी वेगळी, पोलेची वेगळी. समाहानी म्हणून वर पोलेही म्हटलं तर उत्तमच, कारण चूकही कबूल झाली आणि दुखण्याचीही दखल घेतली.

पोलेला काहीतरी जोडूनही म्हणतात. "पोले ना काझी", कामाने दमलास ना. "पोले ना सफारी", प्रवासाने शिणला असाल. आपण लांबून आलेल्या पाहुण्याला "दमला असाल, बसा आधी" म्हणतो, तेच. फक्त आपल्याकडे ते दर वेळी वेगळ्या शब्दांत येतं, तिथे ते ठरलेलं आहे, आणि त्यामुळे कोणीही कोणालाही म्हणू शकतो. ऑफिस झाडणाऱ्या माणसाला साहेब म्हणतो, साहेबाला शिपाई म्हणतो. अनेकांना एकदम म्हणायचं तर "पोलेनी".

घरात मयत झाली असेल तेव्हा "पोले ना म्सीबा". म्सीबात आपण मुसीबत ऐकतो, दोघांचं मूळ एकच. अशा वेळी आपल्याकडे किती पंचाईत होते ते सगळ्यांना माहीत आहे. दारात चपला काढताना काय बोलायचं याचीच जुळवाजुळव चालू असते, आणि शेवटी माणूस हात जोडून नुसता बसतो. तिथे तो शब्द तयार असतो. म्हणणाऱ्याला शोधावा लागत नाही आणि ऐकणाऱ्यालाही नवीन काही सुचवावं लागत नाही.

कारण पोलेचंही उत्तर ठरलेलं आहे. सगळीकडे चालणारं उत्तर "असांते", म्हणजे आभार. समोरच्याने तुमचं दुःख उचलून धरलं, म्हणून आभार. इथे "ठीक आहे", "काही नाही" असं म्हणून झटकायचं नसतं. आपली सवय तीच असते. कोणी लागलं का विचारलं की आपण धूळ झटकत "छे छे, काही नाही" म्हणतो. स्वाहिलीत तसं म्हटलं तर समोरच्याने पुढे केलेला हात न धरल्यासारखं होतं. दुसरं उत्तर टांझानियात फार ऐकू येतं: "निमेशापोआ." त्याची फोड करू. 'नि' म्हणजे मी, 'मे' म्हणजे झालेलं, 'शा' म्हणजे आधीच, आणि 'पोआ' म्हणजे थंड होणं, निवणं. मी निवलो आहे. तरुणांच्या माम्बोला उत्तर म्हणून येणारा पोआ तो हाच. तुझ्या पोलेने माझं दुखणं निवलं, असं ते उत्तर. खरोखर निवलेलं नसलं तरी म्हणतात.

हे सगळं एकत्र कसं येतं ते एका भेटीतून सांगतो. आमच्या शेजारी एक आजी राहायच्या. दोन दिवस ओट्यावर दिसल्या नाहीत म्हणून संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. दार उघडंच होतं, पण उघड्या दारातूनही सरळ आत जात नाहीत. बाहेरून हाक द्यायची: "होडी!" आपल्या होडीसारखाच उच्चार, अर्थ 'येऊ का?' तीनदा हाक देऊन उत्तर आलं नाही तर मुकाट्याने परत फिरायचं. आतून उत्तर आलं, "करीबू!" करीबू म्हणजे जवळ, जवळ या.

"शिकामो, बीबी."

"मराहाबा. हुजाम्बो?"

"सिजाम्बो, बीबी. हबारी झा न्युम्बानी?"

"न्झुरी."

"वातोतो हावाजाम्बो?"

"हावाजाम्बो."

इथपर्यंत सगळं छान. घरची खबर चांगली, मुलांना काही नाही. पहिल्या महिन्यातला मी असतो तर एवढ्यावर उठलो असतो. पण त्या जमिनीवर पाय लांब करून बसल्या होत्या, आणि एरवी त्या तशा बसत नसत. मी आणखी एक विचारलं, "हबारी झाको, बीबी?" तुमची स्वतःची काय खबर?

"न्झुरी," त्या म्हणाल्या, आणि मग थोड्या वेळाने, "लाकिनी निमेउमिया म्गूऊ." पण पायाला लागलंय. विहिरीच्या कठड्याजवळ घसरल्या होत्या. घोटा सुजून टम्म झाला होता, त्यावर कसला तरी पाला बांधलेला.

"पोले साना, बीबी."

"असांते, बाबा. असांते."

बघा, दोन प्रश्नांना चांगलीच उत्तरं देऊन झाल्यावर तिसऱ्याला दुखणं बाहेर आलं. त्यांनी काही लपवलं नव्हतं. त्यांना विचारपुशीची आणखी एक पायरी हवी होती. शिवाय शिकामो-मराहाबा आधी झालं नसतं तर त्या वयाच्या बाईने आपलं दुखणं माझ्यासारख्या पोराला सांगितलंही नसतं.

दुसऱ्या दिवशी मी बाहेरूनच विचारलं, "हुजाम्बो, बीबी?" उत्तर आलं, "सिजाम्बो किडोगो." किडोगो म्हणजे थोडं. नेहमीच्या उत्तराला एक शब्द लागला आणि अर्थ बदलला: थोडं बरं आहे. आजारी माणसाच्या बाबतीत हुजाम्बो असा पुन्हा आपल्या मूळ अर्थावर येतो. बाब नाही ना? आहे, पण कमी झाली आहे. इस्पितळात भेटायला आलेले लोकही रुग्णाच्या नातेवाईकांना असंच विचारतात, "हाजाम्बो?" आणि उत्तर येतं, "हाजाम्बो किडोगो."

पुढे आठवडाभर मी रोज "पोले" म्हणत राहिलो आणि त्या रोज "असांते" म्हणत राहिल्या. मग एका सकाळी त्या ओट्यावर पुन्हा दिसल्या, म्बूझीवर बसून नारळ खवत. म्बूझी म्हणजे बकरी, पण खवणीलाही तेच नाव आहे: छोटं लाकडी बसकं, त्याच्या पुढे बाहेर आलेलं दातेरी पातं, आपल्या कोकणातल्या खवणीसारखंच. मी सवयीने म्हटलं, "पोले, बीबी."

त्यांनी हातातली करवंटी फिरवायची थांबवली नाही. "निमेशापोआ," त्या म्हणाल्या, आणि खोबऱ्याने भरलेला हात पुसून विचारलं, "हबारी झा न्युम्बानी? मामा हाजाम्बो?"

त्यांच्या मामा म्हणजे आई. माझी आई तेव्हा साताऱ्यात होती, आणि आजींनी तिला कधी पाहिलंही नव्हतं.

"हाजाम्बो, बीबी," मी म्हटलं, "लाकिनी..." आणि त्यांनी खवणीवरून उठून मला बसायला चटई सरकवली.